घरकामाच्या मदतनीसांचा पगार: दर महिन्याचे तास मोजा

सभासदहो, ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळात २१ वर्षे व त्यावरील व्यक्तीसाठी किमान वेतन तासाला १२.२१ पौंड आहे. ठरलेला मासिक पगार दिला म्हणजे झालं, असं कृपया धरू नका.

समजा, मदतनीस ताईंना महिन्याला कर वगैरे कापण्याआधी ११०० पौंड मिळतात. सप्टेंबरात ८० तास काम झालं, तेव्हा तासाला १३.७५ पडले. ऑक्टोबरात दिवाळीमुळे ९६ तास भरले. आता ११.४६ च पडतात! ९६ तासांचे ११७२.१६ व्हायला हवेत, म्हणजे ७२.१६ पौंड देणं बाकी. सप्टेंबरातला जादा दर इथे वळता करता येत नाही, कारण हिशेबाचा काळ जास्तीत जास्त एक महिन्याचा असतो. जेवणाचे पैसेही यात धरायचे नाहीत. तास रोज वहीत लिहा, ताईंनाही दाखवा.