आजीचा नकार मला लिहायला शिकवलात, काकू

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

कथा परवा हातावेगळी झाली. ती तुमच्यामुळे झाली, हे चारचौघांत सांगावंसं वाटलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

पहिल्या खर्ड्यात मुलगा म्हणायचा, "आई, आता चल माझ्याकडे, फ्लॅटवर," आणि आजी पानभर बोलायची. या भिंती, हा उंबरा, तुझे बाबा. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "एवढं ऐकवून कुठली आई मुलाला परत पाठवेल? आपलं काय चुकलं, याच विचारात तो घरी जाईल."

ते पान मी फाडलं. मग तुम्ही मला आजीच्या जागी बसवलंत. रात्री उठल्यावर अंधारात तिचा हात नेमका बटणावर जातो ना? तिकडे साधा टॉवेल घ्यायचा तरी कुठलं कपाट, हे सुनेला विचारावं लागेल ना? "भिंतींचं काही नसतं गं," तुम्ही म्हणालात, "सारखं विचारावं लागतं, त्याचा संकोच असतो. आणि मुलाला ते सांगताही येत नाही. त्याला ती सुनेची तक्रार वाटेल." ही गाठ मला दिसलीच नव्हती.

आता माझी आजी 'नाही' म्हणतच नाही. मुलगा सांगतो, तुझी खोली तयार आहे, बाथरूममध्ये धरायला दांडासुद्धा बसवलाय. ती विचारते, "किती उंचीवर?" तो हाताने दाखवतो. ती उठून स्वतःच्या कमरेशी पडताळून बघते. "बरोबर मापलंस," म्हणते.

यापुढे मी लिहिलं होतं, "येईन रे, सवडीनं." तेही तुम्ही खोडलंत. 'येईन' म्हटलं की तो दर फोनला 'कधी?' विचारणार, आणि तिला दर वेळी नवं कारण शोधावं लागणार. हळुवार बोलायचं म्हणून खोटी आशा लावायची नाही, हे तुम्ही फार ठामपणे सांगितलंत. मग जाता जाता सहज विचारलंत, "तो दांडा त्यानं तिकडेच का लावला? आई तर इथे राहते."

काकू, त्या प्रश्नात माझा शेवट होता. आजी आता म्हणते, "चार दिवस राहायला नक्की येईन. पण राहते मी इथे. असाच एक दांडा इथे बसवून दे." मुलगा काही बोलत नाही. थोड्या वेळाने मोजपट्टी मागतो, आणि ती कुठल्या खणात आहे ते आजी जागेवरून न उठता सांगते.

मोठ्या अक्षरांतली प्रत सोबत पाठवते आहे. सुनेच्या तोंडचं एक वाक्य अजून खटकतंय. तिथे पेन्सिलीने खूण केली आहे, तेवढं बघाल?

तुमची,
शेजारची लेखिका