वळणावर पाणी आतल्या भिंतीजवळ वेगाने जाते, बाहेरच्या नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत नळातून वाहणाऱ्या पाण्यावर नुकताच एक लेख आला. लेख सोपा आणि वाचनीय होता, पण वळणाविषयीचा त्यातला परिच्छेद उलटा आहे आणि सोबतची आकृतीही. ‘बाहेरच्या भिंतीजवळून जाणाऱ्या पाण्याला जास्त अंतर कापायचे असते, म्हणून ते जास्त वेगाने जाते,’ असे तिथे म्हटले आहे. बाण आतल्या भिंतीजवळ आखूड आणि बाहेरच्या भिंतीजवळ लांब काढले आहेत. हा समज इतका पक्का रुजलेला आहे की चांगले शिकलेले लोकही तो बिनदिक्कत सांगतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मैदानाच्या वळणावर हातात हात घालून धावणाऱ्यांच्या रांगेत बाहेरच्याला जास्त पळावे लागते, हे खरे. पण पाण्याचे कण हात धरून चालत नाहीत. आतला कण आणि बाहेरचा कण वळणातून एकाच वेळी बाहेर पडले पाहिजेत, असे बंधन त्यांच्यावर कोणीच घातलेले नाही. त्यांच्यावर काम करतो तो दाब. तेव्हा सुरुवात दाबापासून करायला हवी.

वाकड्या वाटेने जाणारी कोणतीही वस्तू सरळ जायला बघत असते. तिला वळवायचे तर वळणाच्या केंद्राच्या दिशेने सतत बल लावावे लागते. नळाच्या मधोमध असलेल्या पाण्याच्या कणाला हे बल कोण देणार? भिंत त्याच्यापासून लांब आहे. त्याला शिवून असलेले पाणीच ते देऊ शकते, आणि तेही एकाच रीतीने: कणाच्या बाहेरच्या अंगाला दाब जास्त आणि आतल्या अंगाला कमी असला तर. म्हणजे प्रवाहरेषा वाकड्या असल्या की त्यांना आडवे जाताना दाब बदलणारच, आणि तो केंद्रापासून दूर जाताना वाढणार. किती वाढणार, हे एका ओळीत लिहिता येते:

dp/dr = ρV²/r

इथे p हा दाब, r ही वळणाची त्रिज्या, ρ ही घनता आणि V हा वेग. प्रवाहरेषा सरळ असल्या तर r अनंत होते आणि दाबातला हा फरक नाहीसा होतो. (आडव्या नळाचा विचार करतो आहे, उंचीमुळे होणारा फरक वेगळा.)

एवढ्यावरून वेगाचा निकाल मात्र लागत नाही. वेग आतून बाहेर कसाही बदलत असला तरी बाहेर दाब जास्त, हे कायमच राहते. निकाल लावणारी गोष्ट दुसरी आहे. वळणाच्या आधी नळ सरळ होता, तिथे सगळीकडे दाब सारखा आणि वेगही जवळपास सारखा होता. म्हणजे प्रत्येक प्रवाहरेषेवरच्या पाण्याकडे एकूण ऊर्जा सारखीच होती. छोट्याशा वळणात घर्षणाने त्यातली फार थोडी खर्च होते आणि बाहेरून कोणी भर घालत नाही. मग जिथे दाब वाढला तिथे वेग घटलाच पाहिजे, आणि जिथे दाब उतरला तिथे वेग वाढलाच पाहिजे. दाब बाहेर जास्त आहे हे आपण आधीच पाहिले. तेव्हा बाहेर वेग कमी, आत जास्त. दोन्ही अटी एकत्र मांडल्या की V × r हा गुणाकार वळणाच्या आडव्या छेदात सगळीकडे सारखा येतो. त्रिज्या दुप्पट, तर वेग निम्मा.

आकडे घालून बघू. चौकोनी छेदाचा नळ घेऊ. त्याच्या वळणात आतल्या भिंतीची त्रिज्या ०.२ मीटर आणि बाहेरच्या भिंतीची ०.४ मीटर आहे, आणि पाणी सरळ भागात सेकंदाला ३ मीटर वेगाने येते आहे. वळणातून तेवढेच पाणी पुढे जायला हवे, ही अट लावली की V × r ची किंमत ०.८६६ येते. आतल्या भिंतीपाशी वेग होतो सेकंदाला ४.३३ मीटर आणि बाहेरच्या भिंतीपाशी २.१६ मीटर. सरळ भागाच्या तुलनेत आतल्या बाजूला दाब सुमारे ४,८६५ पास्कलने उतरतो आणि बाहेरच्या बाजूला सुमारे २,१६० पास्कलने चढतो. दोन भिंतींमधला फरक साधारण ७,०२५ पास्कल, म्हणजे पाण्याच्या ७२ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा. दोन्ही भिंतींना भोके पाडून काचेच्या नळ्या जोडल्या तर हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. लेखात म्हटल्याप्रमाणे दोन्ही कण एकाच वेळी बाहेर पडतात का, तेही याच आकड्यांवरून तपासता येते. काटकोनी वळणात आतला कण ०.३१ मीटर अंतर ०.०७ सेकंदात पार करतो, तर बाहेरच्याला ०.६३ मीटरसाठी ०.२९ सेकंद लागतात. अंतर दुप्पट आणि वेग निम्मा, म्हणून वेळ चौपट.

आता लेखातली आकृती खरी मानून बघू. वेग त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो असे धरले तर त्याच नळात आतल्या भिंतीशी सेकंदाला २ मीटर आणि बाहेरच्या भिंतीशी ४ मीटर वेग येईल. दाबाचा फरक त्याच सूत्राने ६,००० पास्कल निघतो. म्हणजे बाहेरच्या पाण्याकडे दाबही जास्त आणि वेगही जास्त. दोन्ही मिळून त्याची ऊर्जा आतल्या पाण्यापेक्षा घनमीटरला १२,००० ज्यूलने जास्त भरते, जणू ते पाणी १.२ मीटर उंचावरून आले आहे. ही ऊर्जा आली कुठून? नळाचे वळण जागच्या जागी स्थिर आहे. ते पाण्याला ऊर्जा देऊ शकत नाही. अख्खे भांडे गोल फिरवले आणि आतले पाणी भांड्याबरोबर एकजीव होऊन फिरू लागले, तर मात्र वेग खरोखरच त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. तिथे ऊर्जा भांडे फिरवणारा देत असतो.

या हिशेबाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण प्रत्यक्ष मोजणाऱ्याला कधी कधी लेखातल्या आकृतीसारखेच चित्र दिसते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट, भिंतीला अगदी चिकटलेल्या पाण्याचा वेग शून्यच असतो, आत काय आणि बाहेर काय. वर दिलेले वेग त्या पातळ, मंद थराच्या लगत पलीकडचे आहेत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे चित्र वळणाच्या पूर्वार्धात चांगले जुळते, वळणानंतर नाही. वळण संपताना आतल्या भिंतीवरचा उतरलेला दाब पुन्हा सरळ नळातल्या दाबाइतका चढावा लागतो. म्हणजे तिथल्या पाण्याला चढत्या दाबाविरुद्ध पुढे सरकायचे असते. मुख्य प्रवाहाकडे त्यासाठी पुरेसा वेग असतो, भिंतीलगतच्या मंद थराकडे नसतो. वळण आखूड आणि तीव्र असेल तर तो थर थांबतो, भिंतीपासून सुटतो आणि तिथे मागे फिरणाऱ्या भोवऱ्यांचा एक कप्पा तयार होतो. भिंतीवर लहान दोरे चिकटवले तर या कप्प्यातले दोरे प्रवाहाच्या उलट दिशेला वळलेले दिसतात. मुख्य प्रवाह मग बाहेरच्या बाजूला ढकलला जातो.

त्यात भर पडते ती आडव्या फिरण्याची. आपल्या उदाहरणात मध्यभागी वेग सेकंदाला २.९ मीटर आहे आणि आत ढकलणारा दाबाचा उतार नेमका त्या वेगाला वळवण्याइतका आहे. तळाशी व छताशी घर्षणाने मंदावलेले पाणी सेकंदाला समजा १ मीटर वेगाने चालले आहे. त्यालाही तोच उतार लागू होतो, पण त्याची गरज वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने आठपट कमी. परिणामी ते मंद पाणी तळावरून आणि छतावरून आतल्या भिंतीकडे घसरते, आणि त्याची जागा भरायला मधले वेगवान पाणी बाहेरच्या भिंतीकडे सरकते. वळण जितके लांब चालेल तितका हा फिरता प्रवाह वेगाची मांडणी बदलत जातो. वळणाच्या पुढे मोजमाप घेतले की जास्त वेग बाहेरच्या बाजूला सापडतो तो यामुळे. नदीच्या वळणावर बाहेरचा काठ खचतो आणि आतल्या काठाशी वाळू साचते, यामागेही हेच आडवे फिरणे आहे. जेम्स थॉमसन यांनी १८७६ मध्ये ते स्पष्ट केले, आणि वाकड्या नळांतल्या या प्रवाहाचे गणित विल्यम डीन यांनी १९२७-२८ मध्ये मांडले. म्हणून वेग कुठे जास्त, हे सांगताना मोजमाप वळणाच्या कोणत्या टप्प्यावर घेतले तेही सांगितले पाहिजे.

वाळूमिश्रित पाण्याच्या नळात बाहेरची भिंत आधी झिजते, हा पुरावा काही जण देतात. पण वाळूचा कण पाण्याहून जड असतो. पाण्याला पुरणारा दाबाचा उतार त्याला वळवायला अपुरा पडतो, म्हणून तो बाहेर जाऊन भिंतीवर आदळतो. ती झीज वाळूची वाट दाखवते, पाण्याचा वेग नव्हे.

दाबाच्या याच फरकावर प्रवाह मोजण्याची एक जुनी, स्वस्त पद्धत उभी आहे. वळणाच्या निम्म्यावर, म्हणजे काटकोनी वळणात ४५ अंशांवर, आतल्या व बाहेरच्या भिंतीला एकेक भोक पाडून दाबाचा फरक वाचतात. जागा निम्म्यावरची घेतात, कारण तिथे वळणाचा परिणाम पूर्ण उमटलेला असतो आणि आतल्या भिंतीवरचा प्रवाह बहुधा अजून सुटलेला नसतो. फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून त्याच्या वर्गमुळावरून प्रवाह कळतो. जलविद्युत केंद्रांत टर्बाइनभोवतीच्या शंखाकार आवरणावर हीच युक्ती वापरतात; विंटर आणि केनेडी यांनी १९३३ मध्ये ती मांडली. वळणाच्या आधी पुरेसा लांब सरळ नळ मात्र हवा. लगेच आधी दुसरे वळण किंवा अर्धवट उघडी झडप असली तर पाणी सारख्या वेगाने येतच नाही आणि हिशेबाचा पायाच जातो. कमी प्रवाहाला तर ही पद्धत फारशी कामाची नाही. वरच्या नळात वेग निम्मा केला की ७२ सेंटिमीटरचा फरक १८ वर येतो, आणि दहाव्या हिश्श्यावर आणला की जेमतेम ७ मिलिमीटर उरतो, जो हलत्या पाण्याच्या नळीत खात्रीने वाचता येत नाही.

कळावे,
आपला,
द्रवगतिशास्त्राचा एक शिक्षक