टायर गुळगुळीत झाले की पावसात गाडी तरंगते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसात गाडी घसरली की बातमीत "ब्रेक लागले नाहीत" असं छापून येतं. बऱ्याचदा ब्रेक ठणठणीत असतात, टायरच रस्त्याला टेकलेला नसतो, तो पाण्यावर तरंगत असतो. यालाच अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात.

साधा हिशोब करून बघा. रस्त्यावर 3 मिमी पाणी, टायरची रुंदी 20 सेंमी आणि वेग ताशी 80 किमी, म्हणजे एका टायरपुढे सेकंदाला साधारण 13 लिटर पाणी येतं. टायर रस्त्याला टेकतो ती जागा वीतभरही लांब नसते, तेवढ्यात ते पाणी बाजूला गेलं पाहिजे, आणि हातात वेळ असतो सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी! हे काम टायरची नक्षी करते. गोल फिरणाऱ्या खोल खाचांतून पाणी मागे जातं, आडव्या तिरक्या खाचांतून बाजूला फेकलं जातं, आणि मधलं रबर कोरड्याला टेकतं. नव्या कारटायरला खाच साधारण 8 मिमी असते, ती 1.6 वर आली की पाण्याला जागा उरते जेमतेम पाचवा हिस्सा. उरलेलं पाणी जाणार कुठे, ते टायरच्या पुढच्या कडेखाली पाचरीसारखं घुसतं आणि टायर उचलतं.

वेगाचं गणित तर अजून वाईट, कारण पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, 50 चे 100 केले की दाब चौपट. नासाने 1960 च्या दशकात विमानाच्या टायरवर चाचण्या करून एक ठोकताळा काढला, त्यानुसार 32 पीएसआय हवा असलेला टायर खोल पाण्यात ताशी 90-95 ला पूर्ण उचलला जातो, हवा 24 वर आली तर 80 च्या आसपासच. पण गुळगुळीत टायरची पकड त्याच्या आधीच निम्मीशिम्मी गेलेली असते, म्हणून "मी तर 70 नेच चाललो होतो" याला काही अर्थ नाही.

कळतं कसं? स्टेअरिंग एकदम हलकं लागतं, पुढची चाकं इंजिनावर असतील तर आरपीएम उगाच वर चढतो. अशा वेळी ब्रेक दाबू नका, स्टेअरिंग झटक्याने फिरवू नका, अ‍ॅक्सिलरेटर हळू सोडा आणि चाकं सरळ धरा. एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांचं मला नवल वाटतं, रबर रस्त्याला टेकलंच नाही तर एबीएस धरणार कशाला?

खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला, खरंतर पावसासाठी 3 मिमीलाच बदलावा. आणि दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे टाका, गॅरेजवाला पुढे म्हणाला तरी. पुढचे तरंगले तर गाडी वळत नाही, सरळ जाते, मागचे तरंगले तर गर्रकन फिरते आणि ती सावरणं आपल्यासारख्यांच्या हातात नसतं.

आपला,
एक वाचक