बारा फुटांचा बॅनर, सव्वाअकरा फुटांचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जत्रेतल्या नाटकासाठी आम्ही फोंड्यातल्या एका छापखान्यातून फ्लेक्सचा बॅनर करून घेतला. त्याच्या मापाबद्दल छापखानेवाल्यांना पत्र दिलं, त्याला आठ दिवस उत्तर नाही. म्हणून तेच पत्र आपल्याकडे पाठवतो. नाव घालत नाही, माणूस ओळखीचा आहे.

भाऊ, बॅनर 12 बाय 8 फुटांचा ठरला होता. पावतीवर तुमच्याच अक्षरात 96 चौरस फूट, दर 15 रुपये, एकूण 1440 असं लिहिलेलं आहे. बांबूची चौकट आम्ही त्या मापाने आदल्या दिवशीच बांधून ठेवली होती. बॅनर लावला तर वर-खाली तीन-तीन इंच आणि दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार इंच उजेड दिसायला लागला.

उतरवला, सभामंडपात सपाट पसरला आणि स्टीलच्या टेपने मोजला. टांगलेल्या फ्लेक्सला झोळ पडतो, ते माप धरू नये. लांबी भरली 11 फूट 3 इंच, उंची 7 फूट 6 इंच. कडेला मोजलं, मध्ये मोजलं, फरक नाही.

फोनवर तुम्ही म्हणालात, "कडा दुमडण्यात गेलं असेल." एक तर कडा दुमडलेल्याच नाहीत, रिंगा थेट ठोकल्या आहेत. आणि चारी कडा सारख्या दुमडल्या असत्या तर लांबी आणि उंची सारख्याच इंचांनी कमी झाली असती. इथे लांबीत 9 इंच गेले, उंचीत 6. म्हणजे 144 चे 135 आणि 96 चे 90. दोन्हीकडे दर 16 इंचांमागे एक इंच गायब.

मग नाटकाच्या नावाची अक्षरं मोजली. डिझाइनमध्ये ती 16 इंच उंच होती, बॅनरवर बरोबर 15 भरली. नुसती कड कापली गेली असती तर अक्षरं 16 इंचच राहिली असती. तेव्हा अख्खं डिझाइनच मशीनवर लहान करून छापलं गेलं, यात मला शंका नाही. बहुधा हाताशी कमी रुंदीचा रोल होता, फाईल त्यात बसवली आणि प्रमाण राखताना लांबीही आपोआप घटली. घाईत असं होतं. पण एक फोन केला असता तर आम्ही चौकट लहान बांधली असती.

प्रत्यक्षात छापून आले सुमारे 84.4 चौरस फूट. तुमच्याच दराने 174 रुपये जास्त घेतलेत. बॅनर परत करत नाही, नाटक त्याच रात्री होतं; फटी माडाच्या चुडतांनी झाकल्या. फरकाचे पैसे द्या आणि यापुढे पावतीवर लिहीत जा, माप दुमडण्याआधीचं की तयार बॅनरचं.

काल्याचा बॅनर अजून सांगायचा आहे. न्यायला येईन तेव्हा टेप खिशात असेल.

देवस्थान उत्सव समितीचा एक सभासद,
फोंडा, गोवा