लक्ष्मीपूजनाचा क्रम

परभणी

प्रिय सुहास,

नव्या घरातलं पहिलं लक्ष्मीपूजन तूच करणार म्हणतोस. मग गुरुजी मिळाले नाहीत म्हणून अडून राहू नकोस. फक्त प्रदोषकाळ गाठ. सूर्यास्तानंतर साधारण सव्वादोन तास हाताशी असतात.

पाटावर तांदळाची रास, तिच्यावर कलश. शेजारी सुपारीचा गणपती, चांदीचं नाणं आणि वह्या. शिंदीची नवी केरसुणी भिंतीशी उभी करून तिला हळदकुंकू वाहा. आमच्याकडे बाजारात ती 'लक्ष्मी' म्हणूनच विकतात. आचमन, संकल्प, गणपती आणि कलश एवढं झालं की मुख्य पूजेला लाग.

श्रीसूक्ताच्या पंधरा ऋचा आहेत आणि एकेक ऋचा एकेका उपचाराची. 'हिरण्यवर्णां हरिणीं' म्हणताना आवाहनाच्या अक्षता, 'तां म आवह' म्हणताना आसनासाठी पुन्हा अक्षता. पाद्य, अर्घ्य, आचमन म्हणजे ताम्हनात पळीपळी पाणी. सहावी 'आदित्यवर्णे' आली की स्नान. आणि घोळ होतो तो इथेच. मोबाईलवर सूक्त लावलेलं असतं, ते थांबत नाही. दूध, दही, तूप, मध, साखर घालून नाणं शुद्ध पाण्यानं धुवेपर्यंत तिकडे 'गन्धद्वारां' येऊन जातं. ती नववी, गंधाची ऋचा, आणि आपल्या हातात अजून दह्याची वाटी! म्हणून सूक्त स्वतः वाच आणि हातातलं काम झाल्याशिवाय पुढची ऋचा घेऊ नकोस. वाचणं जमत नसेल तर प्रत्येक उपचाराला 'श्रीमहालक्ष्म्यै नमः' म्हण. घाईत पळवलेल्या सूक्तापेक्षा ते बरं, असं माझं मत. पंचामृत फक्त नाण्याला हं. वह्यांवर आणि तसबिरीवर फुलानं पाणी शिंपडायचं.

मग वस्त्र, गंध, हळदकुंकू, फुलं. अकराव्या ऋचेला धूप, बाराव्या ऋचेला दीप. नैवेद्याला बोळक्यात साळीच्या लाह्या, बत्तासे, धने-गूळ. खाली पाण्यानं चौकोन काढून वर वाटी ठेव, भोवती पाणी फिरव आणि 'प्राणाय स्वाहा'पासून 'ब्रह्मणे स्वाहा'पर्यंत सहा वेळा हात दाखव. मग विडा-दक्षिणा.

प्रार्थनेचा श्लोक पाठ करून ठेव:

नमस्ते सर्वदेवानां वरदासि हरेः प्रिये।
या गतिस्त्वत्प्रपन्नानां सा मे भूयात्त्वदर्चनात्॥

तिजोरीवर किंवा पैशाच्या डब्यावर कुबेरासाठी 'धनदाय नमस्तुभ्यं निधिपद्माधिपाय च' म्हणून गंधाक्षता वाहा, मग आरती. आमचा कापसाचा पैसा अजून हातात आलेला नसतो, तरी डबा पुजल्याशिवाय आई उठू देत नाही.

दुसऱ्या दिवशी पाट हलवताना विसर्जनाचं 'गच्छ गच्छ' म्हणू नकोस. आमच्याकडे लक्ष्मीला जा म्हणत नाहीत, नुसत्या अक्षता वाहून कलश किंचित हलवतात. राशीतले तांदूळ घरच्या तांदळात मिसळ, नाणं डब्यात ठेव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश