पगारवाढीच्या अर्जाबद्दल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू मॅनेजरला पाठवायचा म्हणून लिहिलेला मेल काल दोनदा वाचला. तुझं म्हणणं रास्त आहे, पण हा मेल असाच पाठवू नकोस. ‘माझ्यावर अन्याय होतोय’ आणि ‘नव्या मुलीला माझ्याहून जास्त मिळतात’ ही दोन वाक्यं वाचली की समोरचा माणूस आधी स्वतःचा बचाव करायला लागतो आणि तुझं काम मागे पडतं.

मी इतकी वर्षं विभाग सांभाळला, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू तुला सांगतो. पगार वाढवायचा निर्णय बहुतेक वेळा मॅनेजर एकटा घेत नाही. त्याला वरच्यांकडे आणि एचआरकडे जाऊन तुझी बाजू मांडावी लागते. एकदा माझ्या हाताखालच्या एका हुशार मुलाने असाच मेल केला होता. त्याला वाढ मिळावी असं मलाही मनापासून वाटत होतं. पण त्या मेलमध्ये वर दाखवण्यासारखं एकही वाक्य नव्हतं. मी तोंडी बोललो, वरून ‘पुढच्या वर्षी बघू’ आलं, आणि तो सोडून गेला. त्याची बाजू मी स्वतः बसून लिहून काढायला हवी होती, ही खंत मला अजून आहे. म्हणून मेल असा लिही की तुझ्या मॅनेजरला तो जसाच्या तसा पुढे पाठवता येईल.

आधी कामाचं बघ. ‘मी खूप मेहनत करते’ याचा पुरावा देता येत नाही. पण महिनाअखेरचा हिशेब बंद करायला पूर्वी नऊ दिवस लागायचे, तू पडताळणीची पद्धत बदलल्यापासून पाच लागतात, हे तारखांसकट दाखवता येतं. जूनमध्ये तुझे सीनियर गेले, त्यांचे दोन मोठे ग्राहक तुझ्याकडे आले आणि पद व पगार होते तिथेच राहिले. माझ्या मते तुझा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे, आणि तू तो शेवटच्या ओळीत टाकला आहेस! तो वर आण. ग्राहक सोपवल्याचा मेल शोधून ठेव आणि त्याची तारीख लिही.

आता आकडा. तू ‘योग्य ती वाढ’ असं लिहिलंस. त्यावर दोन टक्के मिळाले तरी त्यांच्या दृष्टीने मागणी पूर्ण होते. रुजू होतानाचा तुझा पगार 100 धर. तीन वर्षं दरवर्षी सहा टक्के वाढ मिळाली, म्हणजे आज तो साधारण 119 झाला. तू काढलेल्या जाहिरातींमध्ये याच कामाला, इतक्याच अनुभवाला 130 ते 145 देतायत. मधला आकडा 137 धरला तर फरक पंधरा टक्क्यांचा होतो. तेवढेच माग, आणि हा हिशेब मेलमध्ये दोन ओळींत दे. फक्त एक तपासून घे: काही जाहिरातींतल्या आकड्यात बोनसही धरलेला असतो. तुझा निश्चित पगार त्यांच्या निश्चित पगाराशीच ताडून बघ, नाहीतर पहिल्याच प्रश्नाला तुझा आकडा कोसळेल. नव्या मुलीचा उल्लेख मात्र पूर्ण काढ. तिचा पगार तुला कसा कळला, यावरच चर्चा अडकेल. घरभाड्याचंही काढ, खर्च वाढला हे खरं असलं तरी वाढ कामाची मागायची आहे.

सुरुवात अशी कर: ‘जूनपासून माझ्या जबाबदाऱ्या वाढल्या आहेत. त्यानुसार माझ्या पगाराचा फेरविचार व्हावा, अशी विनंती आहे. तपशील खाली देत आहे. यावर बोलण्यासाठी या आठवड्यात अर्धा तास मिळेल का?’ यात ना गयावया आहे, ना धमकी. दुसऱ्या नोकरीची ऑफर हातात नसताना तसं सुचवूही नकोस.

वेळही बघ. वाढीची पत्रं हातात पडतात तोवर पैशांची वाटणी होऊन गेलेली असते. तुमच्याकडे वार्षिक बजेट कधी ठरतं ते विचार आणि त्याच्या दीड-दोन महिने आधी भेट.

भेटीत पंधरा टक्के म्हणालीस की थांब. शांतता अवघड वाटेल आणि ‘दहा दिले तरी चालतील’ असं तोंडून निघू पाहील, ते निघू देऊ नकोस. एकरकमी बोनस देऊ केला तर आभार मानून घे, पण पुढच्या वर्षीची टक्केवारी त्यावर मोजली जात नाही हे लक्षात ठेव आणि मूळ पगाराचा विषय चालू ठेव. नकार आला तर एवढंच विचार: ‘काय झालं तर हे शक्य होईल, आणि आपण पुन्हा कधी बोलायचं?’ जे उत्तर मिळेल ते त्याच संध्याकाळी ‘आज आपलं असं ठरलं’ म्हणून मेलवर लिहून पाठव. सहा महिन्यांनी मॅनेजर बदलला तरी ते तुझ्याजवळ राहील.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव, मी वाचतो. जूनचा तो मेल सापडला का, तेही कळव.

तुझा,
बाबा