हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे, म्हणून फाइल बंद करू नका

संपादक महोदय,

तालुक्यातल्या महिला आरोग्य शिबिराची बातमी आपल्या अंकात वाचली. हिमोग्लोबिन १२ च्या वर निघालेल्या बायांना ‘रक्त चांगलं आहे’ असं सांगून घरी पाठवलं, असं तीत लिहिलं आहे. यवतमाळ जिल्ह्यात लॅबमध्ये रक्त तपासण्यातच माझी नोकरी गेली. त्या अनुभवावरून सांगते, एवढ्या एका आकड्यावर हा निर्वाळा देता येत नाही.

लोह कमी पडू लागलं की हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी उतरतं. आधी यकृतातला आणि अस्थिमज्जेतला साठा वापरला जातो. ढोलीतली ज्वारी तळाला गेली तरी ताटात भाकर येतच राहते, तसंच हे. हा साठा किती उरला ते रक्तातल्या फेरिटिन या प्रथिनावरून कळतं. पहिल्या टप्प्यात फक्त फेरिटिन घसरतं. दुसऱ्या टप्प्यात रक्तातून लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन रिकामं फिरू लागतं, त्याचं सॅच्युरेशन १६ टक्क्यांच्या खाली जातं आणि मज्जेला नव्या पेशींसाठी लोह अपुरं पडतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली जातं आणि पेशी लहान, फिकट दिसू लागतात, तो तिसरा टप्पा. शिबिरात सापडतो तो हाच.

कापूस वेचायला जाणारी ३४ वर्षांची एक बाई तपासणीला आली होती. हिमोग्लोबिन १२.३, पेशींचा आकारही ठीक. ती म्हणाली, “ताई, रिपोर्ट तं नॉर्मल हाय, मंग सकाळी उठवत काऊन नाही?” केस गळत होते, रात्री पाय स्वस्थ राहत नव्हते आणि कच्चे तांदूळ खावेसे वाटत होते. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. फेरिटिन ८ आलं, सॅच्युरेशन १३ टक्के. म्हणजे ती दुसऱ्या टप्प्यात होती. तिच्या पिशवीत दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट निघाला, त्यात हिमोग्लोबिन १३.४ होतं. ‘नॉर्मल’च्या आतच ते एका ग्रॅमहून जास्त उतरलं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जुने रिपोर्ट फेकू नका, असं मी प्रत्येकीला का सांगते, ते यावरून कळेल.

हे लोह गेलं कुठे? तिला पाळीत रक्त फार जायचं, गाठी पडायच्या. एका पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेलं तर त्यासोबत ३२ मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं, म्हणजे रोजचं एक मिलिग्रॅमहून थोडं जास्त. एरवीही शरीरातून रोज जवळपास एक मिलिग्रॅम जातंच. भाकर, वरण, भाजी यांतल्या लोहापैकी अंगी लागतं ते थोडंच, आणि जेवणाला लागून चहा झाला की आणखी कमी. रोज अर्धा मिलिग्रॅमची तूट धरली तरी वर्षाला १८० होते. बाईच्या शरीरात साठा असतो तो साधारण ३०० मिलिग्रॅमचा. म्हणजे दोन वर्षांच्या आत तो संपतो, आणि तोवर हिमोग्लोबिनचा रिपोर्ट नॉर्मलच येत राहू शकतो.

फेरिटिनचा रिपोर्टही नीट वाचावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी १५ ही खालची मर्यादा मानली आहे, तर बरेच डॉक्टर ३० च्या खालीच सावध होतात. काही लॅबच्या छापील मर्यादा याहूनही खाली असतात, त्यामुळे ११ आलं तरी त्यापुढे खूण नसते. शिवाय ताप, जंतुसंसर्ग किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं. म्हणून डेंग्यू-चिकुनगुन्याच्या दिवसांत आलेल्या चांगल्या आकड्यावर विसंबू नये. सोबत सूज दाखवणारी सीआरपी ही रक्ततपासणी करावी, नाहीतर बरं झाल्यावर पुन्हा तपासावं.

तिला डॉक्टरांनी ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी एक दिवसाआड दिली, लिंबूपाण्यासोबत आणि चहापासून दूर. गोळी घेतली की शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि जवळपास दिवसभर आतड्यातून लोह कमी शोषलं जातं, म्हणून मधला दिवस मोकळा. पाळीच्या कारणासाठी सोनोग्राफीही सांगितली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १३.२ झालं, फेरिटिन मात्र २१ वरच होतं. बहुतेक जणी इथेच गोळ्या सोडतात. तिने डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुढे चालू ठेवल्या.

सरसकट सगळ्यांची फेरिटिन करा, असं माझं म्हणणं नाही; खर्च परवडणार नाही. पण हिमोग्लोबिनचा आकडा सांगण्याआधी प्रत्येकीला विचारा: पाळीत गाठी पडतात का, आणि माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का. जी हो म्हणेल तिचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असलं तरी फेरिटिनसाठी चिठ्ठी द्या. आपल्या भागात थॅलेसेमियाचे वाहक आहेत. त्यांच्यातही पेशी लहान दिसू शकतात, म्हणून नुसत्या पेशींच्या आकारावरून लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधीही फेरिटिन पाहायलाच हवं.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जि. यवतमाळ